ग्राइंडरवरची जागा

कारखान्यात त्यांना सगळे मायक्रॉनमामा म्हणत. चहा कमी आला तरी हा माणूस 'पन्नास मायक्रॉन कमी आहे' म्हणून कप परत पाठवायचा. तोंड असं की त्यांच्याशी भांडण उकरून काढायला कुणी जात नसे, कारण ते आधीच उकरलेलं असे. पण सिलिंड्रिकल ग्राइंडरवर या माणसाचा हात धरणारा कुणी नव्हता, हे त्यांचे वैरीसुद्धा कबूल करत. लेथवरून आलेला शाफ्ट ते दोन सेंटरमध्ये बसवायचे, ग्राइंडरचा फिरता दगड त्याला हळूच टेकवायचे आणि ठिणग्यांच्या आवाजावरून किती माल निघाला ते सांगायचे. मग मायक्रोमीटर लावून आपलं बरोबर आल्याचं शेजाऱ्याला मुद्दाम दाखवायचे.

तर हे मामा वर्षभराने निवृत्त होणार होते. आणि त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली होती, की आपल्या मशिनवर आपल्यानंतर आपली भाची बसली पाहिजे. भाची म्हणजे धाकट्या बहिणीची मुलगी. घरात सगळे तिला बारकी म्हणत. तिने तांत्रिक संस्थेत दोन वर्षांचा टर्नरचा, म्हणजे लेथ चालवायचा, कोर्स केला होता, वर्गात मुली दोनच, त्यातली ही एक. निकाल लागला आणि तिच्यापुढे दोन दारं उघडली. त्या दोन दारांवरून बहीणभावात जे काय जुंपलं, ते शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेत, पण कान उघडे ठेवून ऐकलं.

पहिलं दार म्हणजे जवळच्या वर्कशॉपवाल्याचं. दोन लेथ, एक ड्रिल, पत्र्याचं छप्पर. त्याने बारकीचा हात पाहिला आणि सरळ पगार बोलून मोकळा झाला. दुसरं दार मामांच्या कारखान्याचं. तिथे वर्षभराची ॲप्रेंटिसशिप. स्टायपेंड म्हणाल तर वर्कशॉपवाल्याच्या पगाराच्या निम्म्याच्या आसपास, त्यातला थोडा भाग सरकार कारखान्याला परत देतं. वर्षाच्या शेवटी सरकारी ट्रेड परीक्षा आणि पास झालं तर देशभर चालणारं प्रमाणपत्र.

"निम्म्या पैशात राबायचं आणि वर परीक्षा द्यायची?" बहीण म्हणाली. ती घरी शिलाईचं काम करायची आणि बोलताना सुई दातात धरायची, त्यामुळे तिचं बोलणं मुळातच टोचरं वाटे. "दादा, हिशेब मलाही येतो."

"तुला आजचा हिशेब येतो. वर्कशॉपवाला कागद देणार का? उद्या त्याने शटर ओढलं तर ही काय दाखवणार, हाताचे घट्टे?"

"आणि तुमचा कारखाना वर्षभराने कायम करणार, असं लिहून देतो?"

इथे मामा जरा अडखळले. करारात कारखाना नेमकं उलटं लिहून घेतो. प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देणं बंधनकारक नाही, आणि उमेदवार हा शिकाऊ आहे, कामगार नाही. म्हणजे फंड नाही, बोनस नाही, युनियन नाही. जागा निघालीच तर आपल्या शिकाऊंना प्राधान्य, एवढीच काय ती गोड बोली. पण मामा अडखळले ते श्वास घेण्यापुरतेच.

"मी रिटायर होतोय. माझी जागा रिकामी होणार. मशीन काय भूत चालवणार आहे? जो ते चालवू शकेल तोच बसेल. आणि ते चालवायला शिकवणार कोण? मी! हिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मी दगड बसवायलाही शिकवणार नाही. बघतो कसे घेत नाहीत."

बारकी कोपऱ्यात उभी होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. तरी ती म्हणाली, "मामा, मी टर्नर आहे. ग्राइंडर माझा ट्रेड नाही."

"ट्रेड कागदावर असतो, पोरी. पोट जागेवर भरतं."

हे वाक्य मामांना एवढं आवडलं की त्यांनी ते पुढे महिनाभर कॅन्टीनमध्ये वापरलं. बारकीने वर्कशॉपवाल्याला नाही म्हणून सांगितलं. त्याने दुसऱ्या दिवशी दुसरा मुलगा ठेवला.

*

ॲप्रेंटिसला वर्षभर एकाच ठिकाणी बसवायचं नसतं. टर्नर असेल तर त्याला साध्या लेथवर, मग जॉब पकडणाऱ्या चार जबड्यांच्या चकवर, मग आटे पाडायच्या कामावर, टूलरूममध्ये, तपासणीत, असं ठरलेल्या क्रमाने फिरवायचं असतं. ट्रेनिंगच्या मॅडमनी तसा तक्ता करून भिंतीवर लावला होता. ग्राइंडिंगला त्यात चार आठवडे होते. ते संपले तेव्हा मामा मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन उभे राहिले.

"पोर नुकती कुठे हाताखाली येतेय. आता हलवलीत तर सगळं पाण्यात."

"मामा, तिची परीक्षा टर्निंगची आहे."

"परीक्षा मला सांगू नका. डिस्पॅचला विचारा शाफ्ट किती हवेत ते. ती माझ्याजवळ आहे म्हणून दोन पाळ्यांचं काम दीड पाळीत निघतंय."

मॅडम वाईट नव्हत्या, पण त्यांच्या डोक्यावर प्रॉडक्शनवाले बसलेले होते, आणि प्रॉडक्शनवाल्यांना भिंतीवरच्या तक्त्याचं सोयरसुतक नव्हतं. बारकी ग्राइंडरवरच राहिली. तिच्या प्रशिक्षणाच्या वहीत मात्र ती लेथवर गेल्याचं, टूलरूम पाहून आल्याचं, सगळं यथासांग भरलं जात होतं. बहुतेक कारखान्यांत हे असंच चालतं आणि सगळ्यांना ते माहीत असतं.

आता लेथ सेक्शनला न पाठवण्यामागे मामांचं आणखी एक कारण होतं आणि ते त्यांनी मॅडमना सांगितलं नाही. लेथ सेक्शन म्हणजे अण्णा. अण्णा आणि मामा यांचं बोलणं बंद होऊन इतकी वर्षं झाली होती की नव्या पोरांना वाटायचं, दोघांपैकी एकजण मुका आहे. भांडणाचं मूळ एवढंच की अण्णांनी टर्न केलेल्या एका लॉटला ग्राइंडिंगसाठी पुरेसा माल ठेवलेला नाही, असं म्हणून मामांनी तो अख्खा लॉट सगळ्यांसमक्ष परत पाठवला होता. माल ठेवला होता, दगडच नीट घासलेला नव्हता, असं अण्णांचं म्हणणं. खरं काय ते त्या शाफ्टांनाच ठाऊक. तेव्हापासून दोघांत निरोप जायचे ते तपासणीवाल्याच्या तोंडून, आणि तो बिचारा दोन्हीकडच्या शिव्या गाळून निरोप पोचवायचा. अशा माणसाच्या हाताखाली आपली भाची? मामांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मामांनी शिकवण्यात मात्र कसर ठेवली नाही, हे मान्यच करायला हवं. नवा दगड बसवण्याआधी लाकडी दांडीने टकटक करून आवाज ऐकायचा, खणखणीत आला तरच दगड धड, बद्द आला तर तडा गेलेला. शाफ्ट एका टोकाला जाड येतोय, तर टेबल किती फिरवायचं. बोथट झालेला दगड डायमंडने घासताना हात कुठे थांबवायचा. बारकी चटकन शिकली. सहा महिन्यांत तिचे शाफ्ट तपासणीतून मुकाट बाहेर पडू लागले. तपासणीवाला म्हणाला, "मामा, तुमचा कोणता आणि तिचा कोणता, आता कळत नाही." मामांची छाती फुगली.

बारकी मात्र खूश नव्हती. ती जेवणाच्या सुट्टीत डबा पटकन संपवून कुठेतरी निघून जायची. मैत्रिणी असतील, असं मामांनी धरलं.

*

एकदा तपासणीवाला निरोप घेऊन आला. या वेळी त्याचा चेहरा जरा वेगळा होता.

"अण्णा म्हणतात..."

"म्हणू दे."

"ऐका तरी. अण्णा म्हणतात, पोरीला एकटीला मशीन चालवताना वरच्यांच्या नजरेस पडू देऊ नका. शिकाऊने मशीन चालतं हे एकदा त्यांना दिसलं, की ते कायमचा माणूस कशाला घेतील?"

मामा असे हसले की शेजारच्या मशिनवाल्याने मान वळवली. "जळतोय तो! त्याच्या हाताखाली आजवर एक पोरगं धड तयार झालं नाही. त्याला सांग, म्हणावं, दुसऱ्याच्या ताटात बघून आपलं पोट भरत नाही."

तपासणीवाल्याने हा निरोप गाळूनही पोचवला नाही.

उलट या निरोपानेच मामांना एक युक्ती सुचली. निवृत्तीला तीनेक महिने राहिले होते आणि जागेबद्दल वरून हूं की चूं नव्हतं. वरच्यांना खात्री पटवून द्यावी लागणार. आपण समोर उभे असलो की श्रेय आपल्याला जातं. आपण नसताना मशीन चाललं तर श्रेय कुणाचं? बारकीचं! मामांनी साठवलेल्या रजेतून आठवडाभराची रजा टाकली. कारण लिहिलं गुडघ्याचं. गुडघा ठणठणीत होता.

"मामा, मला नको असं," बारकी म्हणाली. "ॲप्रेंटिसला एकटीला मशिनवर ठेवत नाहीत."

"कागदावर शेजारचा मशिनवाला देखरेखीला आहेच. तू फक्त दाखवून दे."

"आणि आठवडाभर मी तुमचं प्रॉडक्शन काढू, माझी परीक्षा तोंडावर असताना? मामा, वर्षभरात मी लेथला रीतसर हात लावलेला नाही."

"जागा मिळाली की परीक्षा कोण विचारतंय? मोठ्यांपुढे शहाणपण करू नकोस."

तो आठवडा मामांनी घरी खाटेवर पाय पसरून काढला. रोज संध्याकाळी फोन करून किती शाफ्ट निघाले ते विचारायचे आणि आकडा बायकोला मोठ्याने ऐकवायचे. एकही शाफ्ट बाद झाला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणे प्लँट मॅनेजर स्वतः मशिनपाशी येऊन उभा राहिला, बराच वेळ बघत होता आणि जाताना 'गुड' म्हणाला. मामांनी त्या रात्री दोन वाट्या जास्त भात खाल्ला.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण ते मामांना कळायला अजून थोडा वेळ होता.

*

रजेवरून आल्यावर मामा ताठ मानेने केबिनमध्ये गेले. "मग? पाहिलंत ना माझ्या पोरीचं काम? आता माझ्या जागेची जाहिरात कधी काढताय?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मामा, बसा."

"बसायचं काय त्यात?"

"तुमची जागा भरणार नाहीत. गेल्या आठवड्यात ठरलं. ती जागाच रद्द झाली."

"रद्द? आणि मशीन?"

"मशीन ॲप्रेंटिसच्या बॅचमधून चालवायचं. दर वर्षी दोघं, आलटून पालटून. नाहीतरी कामगारांच्या प्रमाणात काही शिकाऊ ठेवावेच लागतात आम्हाला, आणि त्यांच्या स्टायपेंडचा थोडा भाग सरकारकडून परत मिळतो. मॅनेजर म्हणाले, कायमच्या माणसाशिवाय आठवडाभर मशीन चाललं, एक नग बाद नाही, मग कायमचा माणूस कशाला?" मॅडमनी खिडकीकडे बघितलं. "मी म्हणाले त्यांना, की हे प्रशिक्षण नाही. ते म्हणाले, वहीत तर सगळं भरलेलं आहे."

मामांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते टेबलावर हात आपटून बोलले, आरडाओरडा केला, माझ्या घामाची जागा म्हणाले, युनियनकडे जाईन म्हणाले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाल्या, "मामा, रजा तुम्ही टाकली होतीत. कुणी सांगितलं नव्हतं."

युनियनच्या ऑफिसात तर मामांना बसायलाही सांगितलं नाही. सेक्रेटरी म्हणाला, "शिकाऊ मुलगी आमची सभासद नाही, मामा. आणि एक कायमची जागा गेली ती तुमच्यामुळे. उद्या दुसऱ्या मशिनवर हाच न्याय लावला तर आम्ही काय करायचं? भाचीचं भलं करायला निघालात आणि आमच्या पोरांच्या पोटावर पाय दिलात." बाहेर उभ्या असलेल्या दोघातिघांनी मामांना वाट दिली नाही. खांदा मारूनच त्यांना बाहेर पडावं लागलं.

आता एकच गोष्ट हातात उरली होती. प्रमाणपत्र. ते मिळालं तर पोरीला दुसरीकडे कुठेतरी टर्नर म्हणून उभं राहता येईल. ते गेलं तर वर्षही गेलं, वर्कशॉपवाल्याचा पगारही गेला आणि हातात राहिलं काय, तर तिच्या ट्रेडचं नसलेलं मशीन. परीक्षेला सहा आठवडे होते. परीक्षेत एक जॉब करून दाखवायचा असतो. त्यात टेपर, म्हणजे निमुळता भाग, असतो, चौकोनी आटे असतात, चार जबड्यांच्या चकमध्ये मुद्दाम केंद्राबाहेर धरून टर्न करायचा भाग असतो. यातलं बारकीने संस्थेतून बाहेर पडल्यापासून काही केलेलं नाही, असं मामांना वाटत होतं. आणि हे सगळं शिकवू शकेल असा कारखान्यात एकच माणूस होता.

मामांनी दोन दिवस ते गिळलं. तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते लेथ सेक्शनकडे निघाले. अडला हरी, दुसरं काय. काय बोलायचं ते वाटेत ठरवत होते. 'झालं गेलं' पासून सुरुवात करावी की पोरीपासून, एवढंच ठरायचं होतं.

शेवटच्या लेथपाशी दिवा चालू होता. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब धरलेला होता, आणि बारकी डायल लावून एकेक जबडा कसत, सैल करत, काटा बघत होती. अण्णा बाजूला स्टुलावर बसून डबा खात होते.

"समोरचा जबडा आधी सैल कर, मग हा आवळ," अण्णा तोंडात घास घेऊन म्हणाले. "घाई करशील तर मामासारखी होशील."

बारकी हसली. मग तिने मान वर केली आणि तिचं हसू गेलं.

"कधीपासून?" मामांनी विचारलं.

"सहा महिने झाले."

"माझ्या पाठीमागे?"

"तुमच्या समोरून जात होते, मामा. तुम्ही विचारलं नाहीत."

"या माणसाकडे? याच्याकडे? मला सांगायचंस! मीच..."

"सांगितलं होतं. पहिल्या दिवशी घरी सांगितलं, मी टर्नर आहे. रजेच्या वेळी सांगितलं. तुम्ही ऐकता कुठे? तुम्हाला माझ्यासाठी जागा नको होती. तुम्हाला तुमच्या मशिनवर तुमचंच कुणीतरी हवं होतं."

मामांचा हात वर गेला. मारायला नव्हे, तो हवेतच कुठेतरी जाऊन थांबला. अण्णांनी डबा बंद केला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते थेट मामांशी बोलले.

"निरोप पाठवला होता मी."

"तू गप्प बस."

"मी गप्पच होतो. तू ऐकला असतास तर जागाही राहिली असती, तिच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या नावाने. आता तिला काम करू दे. सुट्टी संपत आली."

बारकीने पाठ फिरवली आणि पुन्हा डायलच्या काट्याकडे बघायला लागली.  कुणी मामांना 'बसा' म्हणालं नाही. ते परत गेले तेव्हा सेक्शनमधली सगळी पोरं डबे सोडून बघत होती.

*

त्यानंतर ग्राइंडरवर मामा आणि भाची आठ तास शेजारी उभे असायचे आणि कामापुरतं बोलायचे. 'डायमंड द्या.' 'कूलंट कमी आहे.' तपासणीवाल्याला वाटलं, आता इथेही आपल्यालाच निरोप न्यावे लागणार.

बहिणीने मात्र सगळं तोंडावर बोलून टाकलं. मामा तिला भेटायला गेले, तेव्हा तिने दातातली सुई काढून गादीवर ठेवली, म्हणजे आता ती खरंच बोलणार होती. "दादा, मुलगी माझी. पैसे माझ्या घरात यायचे होते, ते तुमच्या हट्टापायी गेले. मी म्हटलं, मोठा भाऊ आहे, त्याला जास्त कळतं. तुम्हाला तुमचं मशीन कळतं, बाकी काही कळत नाही."

"मी तिचं वाईट चिंतलं का?"

"चिंतलं नाहीत. केलंत."

बारकीने परीक्षा दिली. मामा निवृत्त झाले. हार, शाल, मॅनेजरचं दोन मिनिटांचं भाषण, त्यात मामांचं नाव चुकीचं. टाळ्या वाजल्या त्या सुट्टी झाल्याच्या आनंदात. हार गळ्यात असतानाच मॅनेजरने त्यांना बाजूला घेतलं. नव्या बॅचचे दोन ॲप्रेंटिस सोमवारी यायचे होते, आणि त्यांना ग्राइंडर शिकवणारं आता कुणीच नव्हतं. मामांनी वर्षभर करारावर यावं, मानधन बरं देऊ, काम फक्त शिकवण्याचं.

तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. मामांना ते समजत होतं. आपली जागा ज्यांनी खाल्ली, त्यांनाच ती खायची रीत शिकवायला आपण जायचं! पण हार उतरवून घरी गेलं की उद्यापासून सकाळी उठायचं कशासाठी, हेही समजत होतं. आणि मग त्यांच्या मनाने नेहमीप्रमाणे स्वतःला सोयीचं कारण शोधलं. आत राहिलो तर पोरीसाठी शब्द टाकता येईल. आज जागा नाही, उद्या निघेल. मामांनी होकार दिला.

निकाल लागला. बारकी पास झाली, प्रॅक्टिकलला चांगले गुण होते. ही बातमी मामांना घरून नाही, तपासणीवाल्याकडून कळली, आणि त्याला ती अण्णांनी सांगितली होती. मामा त्याच संध्याकाळी बहिणीच्या घरी निघाले. वाटेत एक चांगलं मायक्रोमीटर घेतलं, डबीसकट. पोरीच्या हातात ठेवायचं आणि म्हणायचं, मी आत आहे, काळजी करू नकोस.

दार बारकीनेच उघडलं. आत शिलाई मशीन चालू होतं, ते थांबलं नाही.

"अभिनंदन," मामा म्हणाले. "ऐकलं. बघ, मी करार घेतलाय. आत माझं वजन राहील. जागा निघाली की पहिलं नाव तुझं."

"मला नोकरी लागली, मामा. नदीपलीकडच्या कारखान्यात. टर्नर. सहा महिने प्रोबेशन, मग कायम. सोमवारी जॉइन व्हायचंय."

मामांना आनंद झाला. खरा आनंद झाला, हे त्यांच्या शत्रूनेही मानलं असतं. डोळे भरून आले. "अशी कशी लागली? परस्पर?"

"प्रमाणपत्र बघितलं. मग लेथवर जॉब करायला दिला, केला. मग विचारलं, कुठे शिकलीस, कुणाच्या हाताखाली."

"मग?" मामांनी नकळत कॉलर नीट केली. "काय सांगितलंस?"

"अण्णांचं नाव सांगितलं."

शिलाई मशीन आता थांबलं होतं. मामांनी डबी या हातातून त्या हातात घेतली.

"वर्षभर माझ्याजवळ उभी होतीस," ते म्हणाले. "माझं नाव सांगायला एवढं जड झालं?"

बारकीने डबीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही. ती चिडलेली दिसत नव्हती, आणि मामांना तेच सोसवेना.

"तुमचं नाव सांगितलं असतं, मामा, तर त्यांनी मला ग्राइंडरवर ठेवलं असतं. त्यांच्याकडेही ग्राइंडरवर आता फक्त ॲप्रेंटिस हवे आहेत."